मामांच्या मृत्युपत्राचा सारांश आणि टक्क्यांचा रकाना

मामांनी मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर नेमले होते, त्यामुळे त्याचा सारांश करून सर्वांना देण्याचे काम माझ्याकडे आले. मामी, मामेभाऊ, धाकटी मामेबहीण आणि दिवंगत थोरल्या मामेबहिणीची तीन मुले या सर्वांना पुढे कागदांवर सह्या करायच्या होत्या आणि आपण कशावर सही करतो आहोत हे प्रत्येकाला कळणे आवश्यक होते. लाभार्थी, हिस्सा आणि अट असे तीन रकाने मी आखले. दागिने, पुस्तके आणि गाडी यांच्या नोंदी सुरुवातीला विनासायास झाल्या.

अडले ते उर्वरित मालमत्तेच्या कलमापाशी. तेथे लिहिले होते की, ‘उर्वरित सर्व मालमत्ता माझा मुलगा, माझी धाकटी मुलगी व माझ्या दिवंगत मुलीची मुले यांच्यात समान वाटून द्यावी.’ वाक्य वाचताना सरळ वाटते, पण हिशेबाला बसल्यावर त्याचे दोन अर्थ निघतात. तीन शाखा धरल्या, तर मुलाला एक तृतीयांश, मुलीला एक तृतीयांश आणि तिन्ही नातवंडांना मिळून एक तृतीयांश, म्हणजे प्रत्येकी एक नवमांश मिळतो. माणसे मोजली, तर पाच जणांना प्रत्येकी एक पंचमांश मिळतो. पहिल्या अर्थाने मामेभावाचा हिस्सा सुमारे ३३ टक्के होतो आणि दुसऱ्या अर्थाने २० टक्के. नातवंडांचा एकत्रित हिस्सा मात्र ३३ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जातो.

ज्या वित्तसंस्थेत मामांच्या ठेवी होत्या, तिच्या अर्जात प्रत्येक नावापुढे टक्क्यांचा एकच रकाना होता आणि बेरीज १०० आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. तेथील कर्मचाऱ्याने मला सुचवले, “सध्या कोणताही आकडा टाका, नंतर बदलता येईल.” या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही. सारांशात एकदा आकडा छापला गेला की घरात तोच मृत्युपत्राचा शब्द ठरतो आणि पुढे तो बदलला, तर ज्याचा हिस्सा घटतो त्याला आपल्या ताटातले काढून घेतल्यासारखे वाटते. म्हणून मी हिस्स्याच्या रकान्यात मूळ वाक्य शब्दशः उतरवले, त्याखाली दोन्ही हिशेब मांडले, पुढे ‘अर्थ निश्चित व्हायचा आहे’ असे लिहिले आणि त्या मालमत्तेचे वाटप थांबवून ठेवले.

वकिलांनी ते कलम बाजूला ठेवून संपूर्ण मृत्युपत्र पुन्हा वाचले. शेवटच्या पानावर, कोणी मामांच्या आधी वारल्यास काय करावे हे सांगताना, ‘माझ्या मुलाचा एक तृतीयांश हिस्सा त्याच्या मुलांना द्यावा’ असे शब्द होते. म्हणजे मामांच्या मनात तीन शाखाच होत्या. तरीही वकिलांनी पाचही जणांची लेखी संमती घ्यायला लावली. नातवंडे सज्ञान होती म्हणून हे जमले. त्यांतील एखादे अज्ञान असते, तर त्याचा हिस्सा घटवणाऱ्या संमतीवर पालकाची सही पुरेशी धरता आली नसती आणि बहुधा न्यायालयाकडे जावे लागले असते.

घराच्या बाबतीतही तोच टक्क्यांचा रकाना निरुपयोगी ठरला असता. मामींना हयातभर राहण्याचा हक्क होता आणि त्यांच्या पश्चात घर मुलाकडे जायचे होते. मामींपुढे १०० लिहावे, तर त्यांना घर विकता येईल असा समज होतो आणि शून्य लिहावे, तर त्यांचा हक्कच पुसला जातो. मी दोन ओळी केल्या: एकीत कोणाला, कोणता हक्क, कधीपर्यंत आणि दुसरीत त्यानंतर कोणाला. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर मृत्युपत्र गप्प होते. तेथे मी जागा कोरी न सोडता ‘मृत्युपत्रात उल्लेख नाही’ असे लिहिले, कारण कोरी जागा पाहून लिहिणारा विसरला असे वाटते आणि मग जो तो आपल्या सोयीचे उत्तर तेथे भरतो.

हे खरे तर आधी सांगायला हवे होते: हिस्से काढायचे ते देणी आणि अंत्यविधीचा खर्च वजा केल्यानंतर उरलेल्या रकमेतून. तसेच नावाने दिलेली प्रत्येक वस्तू मृत्यूच्या दिवशी खरोखर मामांच्या मालकीची होती का, हे पडताळावे. गाडी मामांनी हयातीतच विकली होती, त्यामुळे ती ज्याच्या नावे लिहिली होती त्याच्यापुढे मला ‘वस्तू अस्तित्वात नाही’ अशी नोंद करावी लागली. विक्रीची रक्कम आपोआप त्याची होत नाही, हे त्याला समजावताना वकिलांचे पत्र उपयोगी पडले.

सारांशाच्या प्रत्येक ओळीपुढे मी मूळ कलमाचा आणि पानाचा क्रमांक घातला आणि वरच्या बाजूला ‘मतभेद झाल्यास मूळ मृत्युपत्र ग्राह्य’ असे ठळक लिहिले. वित्तसंस्थेने अखेर तो सारांश संमतीपत्रासह जोडपत्र म्हणून स्वीकारला आणि टक्क्यांच्या रकान्यात ‘जोडपत्र पाहावे’ एवढेच लिहून घेतले.