सोसायटीत महिन्याला एक सिनेमा, फुकट : एका अर्जाची गोष्ट

धुळ्यात कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदीचे अर्ज, पाणीपट्टीच्या तक्रारी, हेच. पण त्या दिवशी जो अर्ज टाईप केला तसा आधी कधीच आला नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय, कुणाला आपल्या सोसायटीत असं काही करायचं असेल तर उपयोग होईल.

दुपारी एक मावशी आल्या, रिटायर्ड शिक्षिका, माहेर अमळनेरचं. कॅलेंडरच्या पानामागं निळ्या पेनानं लिहून आणलेलं. म्हणे, "भाऊ, सेक्रेटरीले अर्ज लिखी द्या, बाकी मी दखी लिसू." मागणी अशी की सोसायटीत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गच्चीवर रात्री आठला सगळ्यांसाठी फुकट सिनेमा लावायचा. कारणं लिहिली होती एकोपा, संस्कार, मनोरंजन. खाली नवीन नवीन सिनेमांची यादी, मुलाच्या मोबाईलवरच्या ॲपमधून लावू म्हणाल्या.

मी त्यांना स्टूल दिलं आणि म्हटलं मावशी, हा असाच दिला तर सेक्रेटरी "मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणतील आणि तो फाईलमध्ये झोपेल. कारण सेक्रेटरीच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, उद्या काही झालं तर आपल्यावर काही येणार नाही ना. त्याचं उत्तर अर्जातच पाहिजे, त्यानं विचारायच्या आधी.

पहिली गोष्ट यादीची. बऱ्याच जणांना वाटतं तिकीट नाही घेतलं म्हणजे हक्काबिक्काचा प्रश्न येत नाही, पण तसं नाहीये. कॉपीराईट कायद्यात हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांपुढं केलेल्या कार्यक्रमाला सूट आहे पण ती नाटक, साहित्य, संगीत यांना, सिनेमा त्यात येत नाही. आणि ॲपचं सबस्क्रिप्शन घरच्या वापरापुरतं असतं, अटींमध्येच लिहिलेलं असतं. म्हणजे नवीन सिनेमा लावायचा तर हक्कदाराकडून, निर्माता असेल नाहीतर वितरक, लेखी परवानगी आणली पाहिजे.

मावशींचा चेहरा उतरला. मग मी सांगितलं की आपल्याकडं सिनेमाचा हक्क प्रदर्शित झालेलं वर्ष संपल्यापासून साठ वर्षं चालतो, नंतर तो सिनेमा सगळ्यांचा. 1953 सालचा असेल तर 2013 च्या डिसेंबरअखेर सुटला. हे ऐकल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "मंग श्यामची आई?" हो, आचार्य अत्र्यांचा, 1953 चाच, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, मावशी तिथल्याच, त्यांना तो लावायचा म्हणजे लावायचाच होता.

मग आम्ही पान उलटं करून नवी यादी केली. पहिला प्रभातचा संत तुकाराम, 1936, विष्णुपंत पागनीसांचा, सव्वादोन तासांच्या आत संपतो आणि म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतो. दुसरा शेजारी, 1941, एक हिंदू आणि एक मुसलमान शेजारी, गावात धरण येतं आणि दोघांत फूट पडते, सोसायटीला याच्यापेक्षा जवळचा विषय नाही असं माझं मत. तिसरा बिमल रॉयचा दो बिघा जमीन, कारण तिथं निम्मे लोक शेती असलेले आहेत. श्यामची आई डिसेंबरला ठेवला, 24 तारखेला गुरुजींची जयंती असते म्हणून. मुलांसाठी बूट पॉलिश, 1954. प्रत्येकापुढं साल टाकलं, ते साल हाच सेक्रेटरीसाठी पुरावा.

इथं एक बारीक गोष्ट आहे. सिनेमा मोकळा झाला तरी त्यातल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा चालू शकतो, तो त्या गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो. पण कायद्यात रहिवाशांसाठी एक सूट आहे, राहत्या इमारतीतल्या सगळ्यांच्या वापराच्या बंदिस्त खोलीत किंवा हॉलमध्ये, रहिवाशांसाठीच, रेकॉर्डिंग ऐकवायला चालतं. बंदिस्त हा शब्द महत्त्वाचा, गच्ची बंदिस्त नाही. ही सूट ऐकण्यापुरती आहे, ती दाखवून नवा सिनेमा लावता येत नाही, पण जुन्या सिनेमातल्या गाण्यांची धास्ती तिच्यानं बरीच कमी होते.

गच्चीचं दुसरं कारणही होतं. उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद म्हणजे बंद, आठला सुरू केला तर श्यामची आई अडीच तासांच्या आसपासचा, साडेदहा होतात, आणि शेवटचा अर्धा तास आवाज बंद करून तो सिनेमा कोण बघेल. म्हणून जागा बदलली, खालचा हॉल, वेळ संध्याकाळी साडेसहा. उन्हाळ्यात आपल्याकडं साडेसहाला चांगलंच ऊन असतं, सूर्य मावळायला सात वाजतात, म्हणून खिडक्यांना काळी ताडपत्री लावायची हेही अर्जात लिहिलं, नाहीतर पडद्यावर काहीच दिसत नाही आणि पहिल्याच शनिवारी लोक उठून जातात. प्रोजेक्टर मावशींच्या भाच्याच्या क्लासमधला, आठ फूट रुंद पडद्याला तो साधारण बारा फुटांवर ठेवावा लागतो, म्हणजे खुर्च्या त्याच्या दोन्ही बाजूंनी आणि मधली जागा मोकळी, वायर भिंतीकडून.

आता कारणं. एकोपा, संस्कार हे मी काढायला लावले. विचारलं, खरं कोणासाठी करताय? तेव्हा बोलल्या की ए विंगमध्ये चार आजी आहेत, गुडघे गेलेले, टॉकीजच्या पायऱ्या चढता येत नाहीत, मुलं पुण्यात, संध्याकाळी खाली बाकावर बसतात आणि अंधार पडला की वर. बस, हेच लिहिलं:

"आमच्या विंगमधील चार ज्येष्ठ महिलांना चित्रपटगृहात जाणे शक्य नाही. हॉल तळमजल्यावर असून तेथे पायऱ्या नाहीत. प्रोजेक्टर व पडदा मी देईन, वीज वगळता सोसायटीस कोणताही खर्च येणार नाही. प्रवेश फक्त रहिवाशांना असेल. कार्यक्रमाची व साफसफाईची जबाबदारी माझी राहील. प्रथम तीन महिन्यांसाठी परवानगी द्यावी ही विनंती."

तीन महिने मुद्दाम. कायमचं मागितलं की कमिटी घाबरते, तीन महिने म्हटलं की हो म्हणायला सोपं जातं. सोबत चौदा रहिवाशांच्या सह्या फ्लॅट नंबरसकट जोडायला सांगितल्या आणि दोन प्रती काढल्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायची, तोंडी "ठेवून जा" ऐकायचं नाही.

मीटिंगनंतर मावशी पुन्हा दुकानात आल्या, मंजुरीचं पत्र हातात. अपेक्षेप्रमाणे प्रश्न तोच आला होता, केस झाली तर काय, आणि त्यांनी यादीतल्या सालांवर बोट ठेवलं. कमिटीनं दोन अटी घातल्या, दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात कार्यक्रम नाही आणि साडेनऊला हॉल बंद. दुसरी अट आम्ही हिशोबात धरलेलीच होती. सुरुवात संत तुकारामनं.

आता मुलांचा हट्ट आहे एका नव्या मराठी सिनेमाचा, त्यासाठी निर्मात्याला परवानगीचं पत्र टाईप करायचंय, त्यात सोसायटीचं नाव, हॉलची क्षमता, तारीख, तिकीट नाही आणि कुठली जाहिरात नाही एवढं घालतोय, उत्तर आल्याशिवाय तो सिनेमा यादीत चढवायचा नाही असं मावशींनीच ठरवलंय.