घर शांत आहे, मी आहे का?

प्रिय बाय,

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "टीचर, रिटायर झाल्यावर आता कसं शांत वाटत असेल ना!" मीही "हो गो" म्हणून मोकळी झाले. रात्री मात्र ते मनातून जाईना. घर शांत आहे. मी आहे का?

सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजून गेला की अजून लगबग सुरू होते. कुठे जायचं नसतं, तरी आंघोळ उरकायची घाई. पुढे घड्याळाकडे न बघताही कळतं, चौथा तास संपत आला. या घाईचंच वाईट वाटतं. कुणी वाट बघत नाही, मग ती कशासाठी? एवढी वर्षं दिली आणि निरोपाच्या दिवशी... जाऊ दे, ते नको.

काम सुटलं की मन आपोआप निवेल, असं वाटायचं. तसं होत नाही. वर्ग होता तोवर मनाला धरायला काहीतरी होतं. आता ते मोकळं सुटतं आणि जुनंच उगाळत बसतं.

म्हणून चहाच्या आधी सोप्यावर बसते. श्वास मोजायला घेतला तर हजेरी घेतल्यासारखं होतं, म्हणून फक्त ऐकते. आधी लांबच्या रस्त्यावरची बस, मग कुळागरातला पंप, मग पोफळीची झावळी सुटून पडते ती, आणि शेवटी स्वतःचा श्वास. मध्येच मन दहावीच्या वर्गात जातं, कुणाच्या तरी अपुऱ्या वहीपाशी. गेलंय हे लक्षात आलं की परत पंपाच्या आवाजावर यायचं, बस. सुरुवातीला मनाला दटावायचे, वर्गाला दटावावं तशी. त्याने छाती धडधडायची आणि मन जास्तच पळायचं.

एक फसगत मात्र होते. जेवल्या जेवल्या बसलं तर गुंगी येते आणि तीच शांती वाटते. उठल्यावर कळतं. गुंगी असेल तर डोकं जड होतं, मधलं काही आठवत नाही. खरोखर शांत बसले असेन तर पंप कधी बंद झाला ते सांगता येतं.

शाळा सुरू होते त्या दिवसांत यातलं काही जमत नाही. रस्त्यावरून नवी दप्तरं जाताना दिसली की मी उठून फाटकाशी उभी राहते. आधी याचा त्रास व्हायचा, आता उभी राहते आणि पोरं बघते. ती घाई बहुतेक जाणार नाही. राहू दे. चौथा तास संपल्यासारखं वाटलं की उठून तांब्याभर पाणी पिते, तेवढ्याने भागतं.

तुझ्या शाळेची मधली सुट्टी किती वाजता असते ते कळव. फोन तेव्हाच करत जा, मागे पोरांचा गोंगाट असला तरी मला चालेल.

तुझी,
टीचर