आमची वाटचाल: उद्घाटनाआधीच्या तीन रात्री

रेस्टॉरंट सुरू करायचं ठरलं तेव्हा पार्टनर म्हणाला, एक दिवस घरच्यांना जेवायला बोलवू आणि दुसऱ्या दिवशी दार उघडू. मी हट्ट धरला की तीन रात्री ट्रायल घ्यायची, आणि त्या तीन रात्री घेतल्या नसत्या तर आम्ही चुकीच्या माणसावर खापर फोडून बसलो असतो हे आज नक्की सांगू शकतो.

पहिल्या रात्री १२ पैकी ६ टेबलं, मेनू निम्मा, पाहुणे सगळे आमचे आणि स्टाफचे घरचे, जेवण फुकट. फॉर्मवर चारच प्रश्न होते, जेवण कसं वाटलं, सर्व्हिस कशी, जागा कशी, पुन्हा याल का, आणि सगळ्यांनी सगळीकडे 'छान' लिहिलं. वाईट वाटलं. घरची माणसं, त्यात फुकट जेवलेली, ती तोंडावर काय बोलणार! त्या रात्री खरी माहिती दिली ती भांडी घासणाऱ्या मावशींनी, त्या म्हणाल्या एका डिशच्या प्लेटा अर्ध्या भरलेल्याच परत येतायत. चाखून बघितलं तर चव ठीक होती, फक्त एका माणसासाठी ती डिश फार जास्त होती, म्हणून वाढायचा डाव बदलला.

मग फॉर्म बदलला. मत विचारायचंच नाही, काय घडलं ते विचारायचं. ताटात काय उरलं आणि का? वेटरला शोधायला मान वळवावी लागली का, कधी? कशाची वाट बघावी लागली? आणि दुसऱ्या रात्री निम्मं बिल लावलं, पाहुणे मित्रांच्या ओळखीचे, म्हणजे आम्हाला न ओळखणारे.

दुसऱ्या रात्री ७ टेबलं होती आणि जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर एकच तक्रार, जेवण उशिरा आलं. मी सरळ किचनमध्ये गेलो आणि शेफला म्हणालो, दादा, हात उचला जरा. तो गप्प राहिला, मग म्हणाला केओटी, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, काढा आणि वेळा बघा. नशिबाने आम्ही त्या रात्री प्रत्येक केओटीच्या मागे पेनाने वेळा लिहायला लावल्या होत्या, ऑर्डर घेतली कधी, किचनला पोचली कधी, प्लेट पासवर, म्हणजे किचन तयार प्लेटा ठेवतं त्या काउंटरवर, आली कधी, टेबलावर गेली कधी.

५ नंबरचं टेबल बघा. ऑर्डर घेतली ८:१७ ला, केओटी निघाली ८:२४ ला, प्लेट पासवर ८:४२ ला, आणि टेबलावर ८:५१ ला. एकूण ३४ मिनिटं, त्यात किचनची १८, बाकीची १६ आमची, बाहेरची. ७ मिनिटं गेली कारण कॅप्टन तीन टेबलांच्या ऑर्डरी वहीत घेऊन मग एकदम मशीनमध्ये टाकत होता, त्यामुळे किचनवर तीन केओटी एकाच वेळी पडत होत्या आणि ती १८ मिनिटंसुद्धा थोडी त्यामुळेच वाढली होती. उरलेली ९ मिनिटं प्लेट पासवर गार होत होती, कारण ती उचलणं हे कुणा एकाचं काम नव्हतं, प्रत्येक वेटरला वाटायचं दुसरा नेईल. शेफची मी सगळ्यांसमोर माफी मागितली.

दुरुस्त्या दोनच केल्या. एका टेबलाची ऑर्डर झाली की आधी मशीनमध्ये टाकायची, मगच पुढच्या टेबलावर जायचं. आणि एक मुलगा फक्त रनर, तो ऑर्डर घेणार नाही, पाणी देणार नाही, पासवरून प्लेट उचलून टेबलावर नेणार, बस. आणखी दहा गोष्टी सुचत होत्या पण मुद्दाम थांबलो, कारण सगळं एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते कसं कळणार? (टॉयलेटची कडी आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचा अंधार, ज्यात मेनू वाचता येत नव्हता, हे मात्र सकाळीच उरकलं, त्याला थांबायचं कारण नव्हतं.)

तिसऱ्या रात्री सगळी १२ टेबलं, पूर्ण मेनू, पूर्ण बिल. आधीच्या रात्री पाहुणे १५-१५ मिनिटांच्या अंतराने बोलावले होते, या वेळी मुद्दाम सगळ्यांना ८ चीच वेळ दिली, कारण गिऱ्हाईक काही आपल्याला विचारून टप्प्याटप्प्याने येत नाही. ऑर्डर ते टेबल हा वेळ बहुतेक ठिकाणी २५ मिनिटांच्या आत आला. पण नवीनच दुखणं निघालं, बिल! मागितल्यापासून हातात यायला ११-१२ मिनिटं, काउंटरवर रांग, एक कुटुंब लहान मूल झोपलेलं घेऊन उभं. पहिल्या रात्री बिलच नव्हतं आणि दुसऱ्या रात्री माणसं थोडी होती, म्हणून हे दिसलंच नव्हतं.

पत्रिका वाटून झाल्या होत्या तरी उद्घाटन चार दिवस पुढे ढकललं. पार्टनर नाराज झाला, पण एक हँडहेल्ड बिलिंग मशीन आणलं, दोन कॅप्टनना शिकवलं, आणि स्टाफलाच पाहुणे बनवून दोन दुपारी नुसतं बिल मागणं आणि देणं याचीच तालीम केली. केओटीच्या मागे वेळ लिहिणं आम्ही अजून बंद केलेलं नाही, रोज रात्री शटर ओढलं की मी आणि शेफ त्या चिठ्ठ्या घेऊन बसतो.