आमची वाटचाल : मोंढ्याजवळचं प्रिंटरचं दुकान

परभणीच्या मोंढ्यालगत आमचं प्रिंटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. डॉट मॅट्रिक्सच्या रिबन बदलण्यापासून सुरुवात केली, मग टोनर रिफिलिंग आलं, मग मशीन विकणं आणि एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार. त्या बरकतीच्या वर्षांचं सांगण्यासारखं फार काही नाही, कामं येत गेली आणि आम्ही करत गेलो. पण एका मार्चमध्ये दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती, ते सविस्तर सांगतो. कारण गावात आजही काही लोक म्हणतात की आम्ही तेव्हा खराब माल विकला.

एका पतसंस्थेला आम्ही लेझर प्रिंटर दिला होता. लॅनवर चालणारा, दणकट, आणि पीसीएल ही एकच भाषा जाणणारा. धंद्यातल्या लोकांना सांगायला नको, पण लेझर प्रिंटरला संगणकाकडून हुकूम जातात, अमुक फॉन्ट घे, अमुक ठिकाणी रेघ ओढ. ते कुठल्या भाषेत लिहायचे हे संगणकातला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम ठरवतो. एचपीची पीसीएल आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट या त्यातल्या दोन मोठ्या भाषा, दोन्ही 1984 च्या सुमाराच्या. पोस्टस्क्रिप्टवालं मशीन महाग पडतं, म्हणून ऑफिसच्या साध्या मशीनमध्ये ती बहुधा नसते.

मार्चच्या तोंडावर संस्थेने काउंटरचे संगणक बदलले. ते काम दुसऱ्या एका दुकानदाराने आमच्यापेक्षा कमी भावात उचललं. नाव घेत नाही. त्याच्या पोरांनी प्रत्येक संगणकावर आयपी पत्ता टाकून आमचा प्रिंटर जोडला, म्हणजे प्रत्येक संगणकावर ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवला गेला. आठवडाभरात फोन आला : मशीन वेड्यासारखी पानं काढतंय, थांबतच नाही, रिमच्या रिम वाया चालल्या.

आमचा पोरगा गेला. त्याने आधी प्रिंटरच्याच मेनूतून कॉन्फिगरेशन पेज काढलं, ते स्वच्छ निघालं. याचा अर्थ ड्रम, टोनर, फॉर्मॅटर म्हणजे लॉजिक कार्ड सगळं ठीक, कारण हे पान संगणकाला न विचारता मशीन स्वतः छापतं. मग साहेबांच्या संगणकावरून टेस्ट पेज दिलं, तेही स्वच्छ. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही आलात की नीट चालतं, गेलात की बिघडतं." बिघडलेलं एखादं पान दाखवा म्हटलं, तर ते रद्दीत गेलं होतं. मी स्वतः जाऊन तेच मागितलं, तेव्हाही तेच उत्तर. प्रिंटरवाल्याने अशा वेळी मशीन उघडण्याआधी पान मागावं, हे मी तेव्हाही सांगत होतो.

तेवढ्यात त्या दुकानदाराने निदान दिलं : "लॉजिक कार्ड गेलंय, माल हलका होता." त्याने स्वतःचा, बराच महाग प्रिंटर बसवला आणि त्रास त्या दिवशीच थांबला. आमच्या विरोधात याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता? एएमसी गेली, थकलेलं बिल अडकलं, आणि ज्या दोन शाळांचं काम ठरत आलं होतं त्यांनी फोन उचलणं बंद केलं. दुकानाचं भाडं थकलं.

इथे आमच्या अण्णांचं सांगितलं पाहिजे. मोंढ्यातले जुने आडते, आमच्या पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक, आणि त्या संस्थेचे सभासद. संस्थेने आमचा प्रिंटर भंगारात काढला तो अण्णांनी उचलला, वर त्याच्याबरोबर कोऱ्या पाठीचे कागद म्हणून रद्दीचा गठ्ठाही आणला. एका कागदाच्या पाठीवर सोयाबीनच्या कट्ट्यांची वजनं लिहून ते दुकानात आले आणि म्हणाले, "कामून रे, हे इंग्रजी काय छापलंय मागं?"

मी कागद उलटा केला. वरच्या डाव्या कोपऱ्यात हे होतं :

```
%!PS-Adobe-3.0
%%Title: Microsoft Word - Notice
%%Creator: PScript5.dll Version 5.2.2
%%For: COUNTER3
```

पहिल्या ओळीतलं `%!PS` म्हणजे पोस्टस्क्रिप्ट. पीसीएल मशीनला ती भाषा कळली नाही, म्हणून त्याने हुकूम साधा मजकूर समजून जसेच्या तसे छापले. खालची पानं तर शून्य ते नऊ आणि ए ते एफ या अक्षरांनी गच्च भरलेली. तो होता मराठी फॉन्ट. ड्रायव्हर फॉन्टची माहिती अशा आकड्यांत लिहून पाठवतो, आणि पानात साठेक ओळी मावतात, मग एका नोटिशीची चळत पडणारच. आणि `%%For` च्या पुढे काम पाठवणाऱ्याचं नाव असतं. तीन नंबरचं काउंटर! बाकीच्यांचा ड्रायव्हर बरोबर होता, म्हणून तीन नंबरवरून काम सुटलं की गोंधळ, एरवी सगळं ठीक.

आणि नवा प्रिंटर लगेच चालला याचंही कारण उघडंच होतं. त्यात पोस्टस्क्रिप्टही होती. चुकीचा ड्रायव्हर तसाच राहिला, फक्त तो समजणारं मशीन आलं.

तो गठ्ठा घेऊन अण्णा आणि मी संस्थेत गेलो. तीन नंबरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅब उघडला, ड्रायव्हरच्या नावाच्या शेवटी PS लिहिलेलं. शेजारच्या काउंटरवर PCL 6. मॅनेजरांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं, चहा मागवला, आणि खरेदी झाली आहे, आता काही होणार नाही म्हणाले. बिल आजही बाकी आहे. अण्णांनी मात्र मोंढ्यात ज्याला त्याला तो कागद दाखवला आणि आडत्यांची कामं आमच्याकडे आली. दुकान त्याच्यावर तरलं. भंगारातला प्रिंटर अण्णांच्या आडतीवर पट्ट्या छापत राहिला, लॉजिक कार्ड तेच.

नवीन पोरांसाठी थोडं सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. पानावर `@PJL` किंवा `HP-PCL XL` वाचता आलं तर उलटी गोष्ट असू शकते, पीसीएलचा ड्रायव्हर भलत्याच मशीनला लागलाय. वाचण्यासारखं काहीच नाही, वर दोन-चार चिन्हं आणि बाकी पान कोरं, अशी पानामागून पानं सुटत असतील तर काम बायनरी आहे, त्यातला एखादा बाइट मशीन "पान सोड" असा वाचतं. आणि एक फसवा प्रकार : ड्रायव्हर बरोबर, पण काम चालू असताना लाईट गेली किंवा कोणी घाबरून बटण बंद केलं. मशीन परत सुरू झालं की संगणक उरलेला अर्धा भाग पाठवू शकतो. भाषा सांगणारी सुरुवातीची ओळ निघून गेलेली असते, म्हणून तिथेही चिन्हंच येतात. ओळखायची खूण अशी की संगणकातली छपाईच्या कामांची रांग साफ केल्यावर पुढचं काम नीट येतं. चुकीच्या ड्रायव्हरचं तसं होत नाही, तो दर वेळी घाण करतो.

रांग साफ करताना प्रिंटर बंद ठेवायचा, आणि विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून :

```
net stop spooler
del /Q %systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*
net start spooler
```

याने त्या संगणकावरची सगळी अडकलेली कामं जातात, तेव्हा शेजारच्याला विचारून घ्या. मग ड्रायव्हर बदला. मशीनची भाषा कॉन्फिगरेशन पेजवर छापलेली असते, कंपनीच्या नावावरून अंदाज करू नका, एकाच कंपनीची दोन मॉडेलं वेगवेगळ्या भाषांची असतात.

आता आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या पाठीवर आम्ही चिठ्ठी चिकटवतो : भाषा कोणती, ड्रायव्हरचं पूर्ण नाव काय. त्या दुकानदाराची पोरंही कुठे अडली की ती चिठ्ठी वाचतात, हे मला ठाऊक आहे.