बिनतारी स्पीकरची नोंद: लेहरा, ट्रान्समीटर आणि ब्लूटूथ

इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्याकडे संगणकाला जोडलेल्या मिडी कीबोर्डवर तबल्यासाठी लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर पुन्हा पुन्हा येणारी धून, वाजवला जातो. टेबलावरील नव्या स्पीकर-जोडीला स्वतःचा यूएसबी ट्रान्समीटर, ब्लूटूथ आणि ऑक्सची वायर असे तिन्ही मार्ग असल्यामुळे, स्पीकर न बदलता केवळ मार्गांची तुलना करता आली.

मोजणीसाठी फोन कीबोर्डजवळ ठेवून ध्वनिमुद्रण केले. कळ दाबल्याचा ठोका आणि स्पीकरमधून आलेला स्वर यांतील अंतर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये पाहिले, तेव्हा वायरवर ते सुमारे 20 मिलिसेकंद, ट्रान्समीटरवर 50 आणि ब्लूटूथवर 230 आले. मध्यलयीत मिनिटाला 120 मात्रा धरल्या, तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची होते आणि दुगुनीतील दोन स्वरांमध्ये 250 मिलिसेकंद उरतात. म्हणजे ब्लूटूथवर पहिला स्वर ऐकू येईपर्यंत बोट जवळजवळ दुसऱ्या स्वरावर पोहोचलेले असते. अशा स्थितीत सम साधणे अशक्यच. ट्रान्समीटरवरचा उशीर बोटांना किंचित जाणवतो, पण वाजवता येते.

ब्लूटूथचा बहुतेक उशीर ध्वनी संकुचित करण्यात आणि त्याहूनही अधिक स्पीकरमधील साठवणीत, म्हणजे बफरमध्ये, जातो. हरवलेले तुकडे पुन्हा मागवायला तेवढाच अवधी मिळतो. ट्रान्समीटर आणि स्पीकर ही दोन्ही टोके एकाच उत्पादकाची असल्याने त्याला बफर लहान ठेवता येतो. मात्र लहान बफरमुळे अडथळा सावरायला वेळही कमीच उरतो, आणि नेमके तेच पुढे दिसले.

संगणकाच्या मागील बाजूस ट्रान्समीटरशेजारी यूएसबी 3 ची बाह्य हार्ड डिस्क जोडलेली असताना, बॅकअप सुरू झाला की स्वर तुटत आणि कॉपी थांबवताच ते पूर्ववत होत. यूएसबी 3 च्या वेगवान संकेतांचा रेडिओ-गोंगाट ट्रान्समीटर ज्यावर चालतो त्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, ही बाब इंटेलने 2012 मध्येच प्रसिद्ध केली होती. हा गोंगाट संपूर्ण पट्ट्यात पसरलेला असल्याने वाहिनी बदलूनही विशेष लाभ होत नाही. अंतर वाढवणे हाच खरा उपाय. त्यामुळे ट्रान्समीटर एक मीटरच्या यूएसबी 2 एक्स्टेंशन वायरने टेबलावर, स्पीकरच्या समोर आणला. आता बॅकअप चालू असतानाही स्वर अखंड येतो. वाय-फायचा राउटर जवळ असेल, तर त्याचाही संशय घ्यावा. पण तो अडथळा हार्ड डिस्कची कॉपी थांबवल्याने जात नाही, हा ओळखण्याचा सोपा फरक.

चित्रपटांसाठी मी ब्लूटूथच ठेवले आहे, कारण प्लेअर चित्रही तेवढेच मागे ठेवतो आणि ओठांची हालचाल जुळते. थेट वाजवण्यात मागे ठेवण्यासारखे काहीच नसते, म्हणून लेहऱ्याला ट्रान्समीटर, आणि ध्वनिमुद्रण करायचे असेल त्या दिवशी सरळ ऑक्सची वायर.