आमची वाटचाल: लाकडावर धातू बसवताना

आमचा छोटा कारखाना सुरू झाला तो लाकडी नामफलकांवर. अक्षरं कोरायची, पॉलिश करायचं आणि फलक द्यायचा. धातूचा संबंध फक्त खिळ्या-स्क्रूंपुरता. पुढे गिऱ्हाइकं सागवानावर पितळेची पाटी मागू लागली, तीही दर्शनी भागात एकही स्क्रू नको म्हणून, आणि चिकटवण्याचं काम आमच्या गळ्यात पडलं.

लाकूडकामाचा पांढरा गोंद इथे चालत नाही, हे कुणीही सुतार सांगेल. तो सुकतो ते त्यातलं पाणी लाकडात मुरतं म्हणून. पितळ पाणी पीत नाही. त्यामुळे आम्ही दोन भागांच्या एपॉक्सीकडे वळलो.

आमचं या विषयातलं खरं शिक्षण मात्र दुसऱ्या कुणीतरी केलेल्या फलकांवर झालं. एका संस्थेने सुटलेल्या पाट्या दुरुस्तीला आणल्या. माझ्या भावाने पाटी उलटी करून उजेडात धरली. मागची बाजू आरशासारखी लख्ख, गोंदाचा एक कणही नाही. सगळं एपॉक्सी लाकडावर जसंच्या तसं. गोंद मधोमध फाटून दोन्हीकडे राहिला असता, तर त्याची ताकद कमी पडली असं म्हणता आलं असतं. लाकडाचे तंतू उपटून आले असते, तर जोड लाकडाहून भक्कम होता. इथे गोंदाने पितळ धरलंच नव्हतं. निरखून पाहिलं तर पाटीच्या मागेही चमक टिकवणाऱ्या लॅकरचा थर होता.

तेव्हापासून आमच्याकडे पाटीच्या मागच्या बाजूचा क्रम ठरलेला आहे. आधी ॲसिटोनने पुसायचं, मग 80 ते 120 नंबरच्या सँडपेपरने लॅकर पूर्ण जाऊन उघडं, मंद पितळ दिसेपर्यंत घासायचं, आणि धूळ काढायला पुन्हा ॲसिटोन, दर वेळी स्वच्छ फडक्याने. आधी घासलं तर तेल चरांमध्ये दाबलं जातं, म्हणून पुसणं पहिलं. नवा मुलगा आला की त्याला पाण्याची परीक्षा शिकवतो: धातूवर पाणी सोडायचं. ते सलग पसरलं तर पाटी स्वच्छ, थेंब-थेंब होऊन आक्रसलं तर तेल बाकी आहे. मग पाटी पूर्ण कोरडी करून लगेच चिकटवायची, दुसऱ्या दिवसावर ठेवायची नाही. सागवानही तेलकट असतं. पाटीखालच्या जागेवरचं पॉलिश काढून तीही घासायची आणि ॲसिटोनने पुसायची. क्लॅम्प हलकाच लावायचा, कारण जोर केला की एपॉक्सी बाहेर येतं आणि जोड उपाशी राहतो.

छोट्या पाट्यांना एवढं पुरलं. मोठ्या पाट्यांची तऱ्हा निराळी. लाकूड रेषांच्या दिशेने जवळपास हलत नाही, पण आडवं फुगतं आणि आकसतं. उभ्या रेषांच्या सागवानी फळीवर 300 मिलिमीटर रुंदीची पाटी असेल आणि पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत लाकडातला ओलावा 4 टक्क्यांनी उतरला, तर तेवढ्या रुंदीत लाकूड दोन मिलिमीटरहून अधिक आकसू शकतं. पितळेला ओलाव्याने काहीच होत नाही. उन्हाने ते वाढतं, पण 20 अंशांच्या फरकाला जेमतेम एक दशांश मिलिमीटर. ही सगळी ओढाताण एपॉक्सीच्या पातळ, कडक थरावर येते. एक तर कडा सुटतात, नाही तर फळी वाकते.

म्हणून रुंद पाट्यांसाठी आम्ही रबरासारखा लवचिक राहणारा एमएस पॉलिमर घेतो. ताकदीच्या आकड्यात तो एपॉक्सीपेक्षा कमी भरतो, आणि दुकानदार हमखास तोच आकडा पुढे करतात. आमच्या कामात तो आकडा दुय्यम आहे, थर किती ताणला जातो ते महत्त्वाचं. पातळ लावला तर लवचिकपणाचा उपयोग नाही, त्यामुळे कोपऱ्यांत 2 मिलिमीटरचे तुकडे ठेवून तेवढी जाडी राखतो. शिवाय हा गोंद हवेतल्या ओलाव्याने कडेपासून आत पिकतो, साधारण दिवसाला 2 ते 3 मिलिमीटर. पाटीभर फासला तर मधला भाग कित्येक दिवस ओला राहील. त्यामुळे उभ्या, सुट्या रेघा ओढायच्या आणि मधून हवा जायला वाट ठेवायची. पाटी बसवल्यावर फलक आडवाच ठेवायचा.

लवचिक म्हणून काही जण सिलिकॉन वापरतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पितळेला लावू नये. पिकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि पितळेवर हिरवट डाग धरतात.

याहून रुंद पाटी असेल, तर गिऱ्हाइकाला आम्ही सरळ सांगतो की नुसत्या गोंदावर ती बसवणार नाही. मधोमध एक स्क्रू घट्ट, बाकीचे आडव्या लांबट भोकांत, म्हणजे लाकडाला सरकायला जागा राहते. वर टोप्या लावल्या की स्क्रू दिसत नाहीत.