आधी संगत की आधी गुन्हा?

जळगाव, मंगळवार

आज बालगुन्हेगारीच्या साहित्य आढाव्यातला 'संगत' हा भाग लिहून काढला. ऊन तापायच्या आत वाचनालयात जाऊन बसले ते थेट संध्याकाळी उठले.

लेखकवार लिहिणं सोपं असतं: सदरलँड काय म्हणाले, मग ग्लूक, मग हिर्शी. पण तसं लिहिलं की भांडणच दिसत नाही. हे सगळे गुन्हेगारीचे अभ्यासक एकाच प्रश्नावर भांडताहेत. पोरगं वाईट संगतीने बिघडतं, की आधीच बिघडलेलं पोरगं तशी संगत शोधतं? आई म्हणते, "पोऱ्या संगतमा बिघडस." सदरलँडचंही तेच, गुन्हा जवळच्या माणसांत शिकला जातो. ग्लूक दांपत्याने १९५० साली सुधारगृहांतली ५०० मुलं आणि बॉस्टनच्या शाळांतली ५०० मुलं ताडून पाहिली. त्यांना दिसलं की बहुतेकांचं बिघडणं टोळीत शिरायच्या वयाआधीच सुरू झालेलं. हिर्शींचाही (१९६९) कल तिकडेच: घराशी, शाळेशी नातं सैल पडलेली पोरं एकमेकांना जाऊन मिळतात. मात्र मित्रांचं वजन आपल्या सिद्धांताने कमी धरलं, हे त्यांनी त्याच पुस्तकात मान्य केलंय. मला हा माणूस त्यासाठी आवडतो.

लिहिण्याआधी वहीत तक्ता आखला होता. प्रत्येक अभ्यासासमोर तीनच रकाने: मुलं कुठली, गुन्हेगार कुणाला म्हटलं, आणि मुलांना किती वेळा विचारलं. भांडणाचं मूळ तिसऱ्या रकान्यात सापडलं. हिर्शींनी कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांकडून प्रश्नावली एकदाच भरून घेतली. एकदाच विचारल्यावर आधी काय घडलं हे कसं कळणार? थॉर्नबेरींनी १९८७ साली मांडलं की दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवतात. पुढे अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात त्याच मुलांना पुन्हा पुन्हा भेटून त्यांच्या गटाने ते तपासलं आणि तसंच आढळलं. म्हणून परिच्छेदाचं पहिलं वाक्य कुणाच्या नावाने सुरू केलं नाही. ते असं झालं: 'संगत आणि गुन्हा यांतलं आधी काय, याचं उत्तर मुलांना किती वेळा विचारलं यावर बदलतं.' नावं त्यानंतर, पुरावा म्हणून.

एक ओळ मुद्दाम घातली. ग्लूक आणि हिर्शी यांचे हे निष्कर्ष अमेरिकेतल्या मुलग्यांवरून काढलेले आहेत. धुळ्या-जळगावच्या निरीक्षणगृहातल्या मुलांना, आणि मुलींना तर मुळीच, ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. माझ्या मुलाखती याच जागेवर उभ्या राहणार आहेत, म्हणून ती ओळ तळटीपेत ढकलायला मी तयार नाही.

उद्या 'घर' हा भाग. तिथे ग्लूक पुन्हा येतील, कारण सॅम्पसन आणि लॉब यांनी त्यांचीच जुनी कागदपत्रं नव्याने तपासून १९९३ साली पुस्तक काढलं. तेव्हा घरातल्या देखरेखीचा आणि मायेचा मुद्दा त्या दोन्ही पुस्तकांना शेजारी ठेवून लिहायचा.